केस मिटली, पण कशी मिटली?

‘ताई, आमचं आणि चुलतभावाचं रान बांधाला बांध लागून आहे. गेल्या वर्षी पेरणीच्या आधी बांध कोरण्यावरून वाद झाला. माझ्या मुलानं खोऱ्याचा दांडा मारला. चुलतभावाच्या खांद्याला लागला, सोडवायला आलेल्या वहिनींच्याही मनगटाला लागला. दोघांना दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पोलिसांनी माझ्यावर आणि मुलावर भारतीय न्याय संहितेची कलमं ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) लावली. दोषारोपपत्र कोर्टात गेलंय. आता तंटामुक्ती समितीनं बसून मिटवलं. औषधपाण्याचे साठ हजार द्यायचे ठरले, पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या. पोलीस म्हणतात, या कागदानं केस बंद होत नाही. आमचे वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका तारखेत मोकळे व्हा, याला प्ली बार्गेनिंग म्हणतात. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. मी एकट्यानं कबूल करून त्याला सोडवता येईल का? भाऊबंद एक झाले तरी कोर्ट का सोडत नाही?’
– एक वडील, सोलापूर जिल्हा

दादा, पुढच्या तारखेला तुम्ही किंवा मुलानं ‘गुन्हा कबूल आहे’ हे शब्द उच्चारू नका. ते उच्चारायचे की नाही, हे बाकी सगळं समजून घेतल्यावर ठरवा. एकदा बोललेली कबुली मागे घेणं फार अवघड असतं.

तुमच्या पत्रात ‘मिटवणं’ आणि ‘मोकळं होणं’ हे दोन शब्द एकाच अर्थानं आले आहेत. मी इतकी वर्षं फौजदारी कोर्टात उभी राहते, तिथं सगळ्यात जास्त नुकसान याच गैरसमजानं झालेलं पाहिलंय. फौजदारी केस समेटानंतर तीन वेगवेगळ्या दारांतून बाहेर पडू शकते. एका दारातून माणूस निर्दोष सुटून येतो. दुसऱ्या दारातून खटलाच रद्द होतो, म्हणजे तो दोषीही नाही आणि निर्दोषही नाही, कारवाईच उरत नाही. तिसऱ्या दारातून तो दोषी ठरून, शिक्षेत सवलत घेऊन बाहेर येतो. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात तिघंही पेढे वाटतात. फरक कळतो तो नंतर, भरतीच्या अर्जात ‘आपणांस न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?’ या प्रश्नासमोर पेन थांबतं तेव्हा.

समितीचा कागद का चालला नाही, ते आधी सांगते. गुन्हा दाखल झाला की खटला तुमच्या चुलतभावाचा राहत नाही. तो महाराष्ट्र शासन विरुद्ध तुम्ही असा होतो आणि चुलतभाऊ त्यातला साक्षीदार होतो. त्यामुळे ‘माझी तक्रार नाही’ असं ठाण्यात लिहून दिलं तरी पोलिसांना तिथं फाइल मिटता येत नाही. मात्र काही गुन्ह्यांत कायद्यानंच समेटाचा अधिकार दुखावलेल्या माणसाच्या हातात दिलाय. त्यांची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० मध्ये होती. (तुमची घटना १ जुलै २०२४ नंतरची, म्हणून नवी कलमं. त्याआधीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचीच कलमं लागतात, हे इतर वाचकांनी ध्यानात ठेवावं.) यादीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागातले गुन्हे दुखावलेला माणूस स्वतःहून मिटवू शकतो, दुसऱ्या भागातल्यांना कोर्टाची परवानगी लागते. जो गुन्हा यादीत नाही तो मिटवता येत नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय.

आता तुमची कलमं या यादीला लावून बघू. ११५(२), म्हणजे साधी दुखापत, पहिल्या भागात आहे. ३५२ म्हणजे चिथावणीखोर शिवीगाळ आणि ३५१(२) म्हणजे धमकी, हीही मिटवता येतात. ३(५) हा वेगळा गुन्हा नाही. सगळ्यांचा इरादा एक होता म्हणून सगळे जबाबदार, एवढंच ते सांगतं, आणि मूळ गुन्हा मिटला की त्याखालच्यांचाही मिटतो. अडलंय ते ११८(१) पाशी, म्हणजे घातक हत्यारानं केलेली दुखापत. ते यादीत नाही.

इथं एक विचित्र गोष्ट आहे, ती मला नेहमी खटकते. मुलानं नुसत्या हातानं चुलतभावाचं हाड मोडलं असतं, तर ती जबर दुखापत झाली असती, कलम ११७(२). शिक्षा सात वर्षांपर्यंत, पण कोर्टाच्या परवानगीनं मिटवता आली असती. दांड्यानं नुसतं काळंनिळं केलं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ती मिटवता येत नाही. जुन्या कायद्यातही हत्याराची साधी दुखापत एके काळी परवानगीनं मिटत होती, नंतर ती यादीतून काढली गेली. भाऊबंदकीतल्या भांडणात हाताला लागतं ते काठी, दांडा, दगडच. त्यामुळे गावाकडच्या कितीतरी केसेस नेमक्या याच एका कलमापाशी येऊन अडतात.

म्हणून तुमच्या वकिलांना पहिला प्रश्न हा विचारा: ११८(१) इथं खरंच लागतं का? हे कलम भोसकण्याच्या, कापण्याच्या, गोळी झाडण्याच्या साधनाला लागतं, किंवा ‘हत्यार म्हणून वापरल्यास मृत्यू होण्याचा संभव असलेल्या’ साधनाला. खोऱ्याचा नुसता लाकडी दांडा त्यात बसतो की नाही, हे तो किती जाड, किती लांब, कुठं आणि किती जोरात मारला यावर ठरतं. दोषारोपपत्राच्या नकला काढा. त्यात तीन कागद शोधा: दोन्ही जखमींचे वैद्यकीय दाखले, दांडा जप्त केल्याचा पंचनामा आणि जखमींचे जबाब. दाखल्यात ‘साधी दुखापत, बोथट वस्तूने’ असं असेल, जखम डोक्याला नसून खांद्याला आणि मनगटाला असेल, आणि पंचनाम्यात खोऱ्याचं लोखंडी पातं नसून सुटा दांडा असेल, तर ११८(१) मधून मुक्त करा असं मागायला जागा आहे. पातं दांड्याला असताना मारलं असेल तर ती जागा जवळजवळ उरत नाही. असा अर्ज नकला मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत द्यायचा असतो. नकला कोणत्या तारखेला हातात आल्या ते तपासा. मुदत टळली असली तरी दोषारोप निश्चित करताना हा मुद्दा वकिलांना मांडता येतो.

कोर्टानं ११८(१) वगळलं, तर उरलेलं सगळं तुमच्या तालुक्याच्या कोर्टातच संपतं. फक्त मिटवणार कोण, याकडे नीट बघा. फिर्याद कुणी दिली याला महत्त्व नाही. ज्याला लागलं तोच मिटवू शकतो. म्हणजे चुलतभावाची सही पुरत नाही. वहिनींचं मनगट त्यांचं स्वतःचं आहे, त्यांनी स्वतः कोर्टात यायला हवं. समितीच्या कागदावर त्यांची सही आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक वेळा ती नसते, आणि तारखेच्या दिवशी तिथंच गाडी अडते. दोघांनी तडजोडीची पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्यायची, वकिलांनी त्यांना ओळखायचं, न्यायाधीश विचारतात की कुणाचा दबाव आहे का, पैसे मिळाले का, समजून सही केली का. समाधान झालं की तडजोड नोंदवली जाते आणि कायद्यानं तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच होतो. हे पहिलं दार. भांडणानंतर तुम्हीही ठाण्यात उलट तक्रार, एनसी वगैरे दिली असेल, तर तीही त्याच दिवशी मिटवा. एक केस उघडी राहिली की सहा महिन्यांनी दुसरीही पुन्हा उकरली जाते.

११८(१) राहिलंच, तर लोकअदालतीत जाऊन उपयोग नाही. न मिटवता येणाऱ्या गुन्ह्यावर लोकअदालतीला अधिकारच नसतो. मग दुसरं दार, उच्च न्यायालय. तालुक्याचं कोर्ट खटला रद्द करू शकत नाही, पण उच्च न्यायालयाकडं कलम ५२८ खाली (जुनं ४८२) स्वतःचा अंगभूत अधिकार आहे. ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, यादीतला समेट आणि उच्च न्यायालयाचं रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुन्हा यादीत नसला, तरी तो मुळात दोन माणसांतला खासगी वाद असेल आणि खटला चालवून शिक्षा होण्याची शक्यता उरली नसेल, तर उच्च न्यायालय तो थांबवू शकतं. खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांना मात्र समेटाचं हे दार बंद आहे. नरिंदर सिंग या २०१४ च्या निकालात पुढची मोजपट्टी आली: हत्यार कोणतं, जखम शरीराच्या कुठल्या भागावर, वैद्यकीय अहवाल काय म्हणतो, आणि समेट कधी झाला. घटनेनंतर लवकर, साक्षीपुराव्याआधी झालेल्या समेटाकडं न्यायालय मोकळ्या मनानं बघतं. पुरावा जवळजवळ संपल्यावर झालेल्या समेटाकडं ते हात आखडून बघतं. तुमच्या केसमध्ये साक्षी सुरू झालेल्या नाहीत. ही वेळ तुमच्या बाजूची आहे, ती दवडू नका.

तुमच्या जिल्ह्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्यात येतं. संमतीनं रद्द करण्याच्या अर्जाला एफआयआर, दोषारोपपत्र, वैद्यकीय कागद आणि दोन्ही जखमींची वेगवेगळी प्रतिज्ञापत्रं लागतात. ती मराठीत करून त्यांना वाचून दाखवलेली असावीत. त्यांचा वकील तुमच्या वकिलापेक्षा वेगळा असावा, न्यायालयाला त्यानं भरवसा वाटतो. सरकारी वकिलांनाही ऐकलं जातं. जखमींना समोर बोलावून विचारलं जाऊ शकतं, आणि वहिनी त्या क्षणी घुटमळल्या तर अर्ज तिथंच फेटाळला जाऊ शकतो. न्यायालय एखाद्या सामाजिक कामासाठी काही रक्कम भरायलाही सांगू शकतं. हा तुमचा हक्क नाही, न्यायालयाचा विवेक आहे. पण खांदा, मनगट, दुसऱ्या दिवशी घरी, मागे एकही गुन्हा नाही, भाऊबंद, एकच बांध: असा मजकूर असलेल्या अर्जात मांडायला पुष्कळ आहे.

आता वकिलांनी सुचवलेलं तिसरं दार. प्ली बार्गेनिंग आपल्याकडं जुलै २००६ पासून आहे, आणि नव्या संहितेतही ते आहे. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नाही त्यातच ते चालतं. दोषारोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत आरोपीनं स्वतः अर्ज करायचा. न्यायाधीश आरोपीला बंद दाराआड, समोरचा पक्ष नसताना विचारतात की हे स्वखुशीनं करतोयस का. मग ६० दिवसांपर्यंत वेळ मिळतो, त्यात सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित बसून भरपाई आणि पुढचा मार्ग ठरवतात. त्यानंतर कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं, किंवा कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश देतं. पहिलाच गुन्हा असेल तर एक षष्ठांश. म्हणजे तीन वर्षांच्या गुन्ह्यात सहा महिने. त्या निकालावर नेहमीचं अपील नाही.

हे तुमच्यासाठी दोन कारणांनी नाही. पहिलं म्हणजे, स्त्री किंवा बालकाविरुद्ध झालेल्या गुन्ह्यात प्ली बार्गेनिंग करताच येत नाही. वहिनींच्या मनगटाला लागलं आणि ते दोषारोपपत्रात आहे, तेव्हा हे दार तुमच्यासाठी बंद आहे. म्हणजे तुमचे वकील ज्याला प्ली बार्गेनिंग म्हणतात ती बहुधा साधी कबुली आहे. तिच्यात ना बंद दाराआडची चौकशी, ना एक षष्ठांशाचा हिशेब. शिक्षा किती द्यायची हे सर्वस्वी न्यायाधीशांवर. दुसरं कारण जास्त मोठं आहे: दोन्ही प्रकारांत मुलगा दोषी ठरतो. दंड पाचशेचा असो की पाच हजारांचा, निकालपत्रावर ‘दोषी’ लिहिलं जातं. वर्तणुकीच्या हमीवर सोडलं तरी दोषी ठरणं पुसलं जात नाही. एका तारखेत मोकळं होणं एवढंच त्यातलं खरं.

प्ली बार्गेनिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. मोटारसायकल चोरल्याचा आरोप असलेला, जामीनदार न मिळाल्यानं सात महिने तुरुंगात बसलेला एखादा तरुण धरा. पुरावा पक्का आहे, गाडी त्याच्याकडंच सापडली. मालक माफ करायला तयार नाही, पण दुरुस्तीचे पैसे हवेत. चोरीला तीन वर्षं, एक षष्ठांश म्हणजे सहा महिने, आणि भोगलेला काळ शिक्षेतून वजा होतो. तो त्याच दिवशी घरी जातो. त्याच्यासाठी हे दार खरं आहे. ज्याचा समोरचा माणूस हात जोडून ‘मला काही करायचं नाही’ म्हणतोय, त्यानं दोषी होऊन का बाहेर पडावं?

तुम्ही एकट्यानं कबूल करण्याचं लिहिलंय. बापाचं मन मला कळतं. पण ३(५) असलं तरी तुमची कबुली फक्त तुमच्यापुरती राहते. मुलाचा खटला चालूच राहील. शिवाय दांडा त्यानं मारला असं जबाबांत आहे, तर मी मारला हे तुमचं म्हणणं खोटं ठरेल. त्यातून एकाऐवजी दोघं अडकतील.

गावात आणखी एक सल्ला तुमच्या कानावर आलाच असेल: फिर्यादीनं साक्षीच्या वेळी ‘मला आठवत नाही’ म्हणायचं, केस आपोआप पडेल. यात चुलतभावाला तुम्ही शपथेवर खोटं बोलायला लावता. न्यायालयाला ते कळलं तर खोट्या साक्षीबद्दल कारवाई त्याच्यावर होऊ शकते, आणि त्याला तसं बोलायला लावलं म्हणून तुमच्यावरही. तारीख यायला वर्षं लागतात, आणि तोवर मुलाची भरतीची वयोमर्यादा निघून जाऊ शकते.

पैशांबद्दलही सांभाळा. मिटवता न येणाऱ्या गुन्ह्यात ‘केस काढून घेण्यासाठी’ पैसे देणं आणि घेणं हाच स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. समितीच्या कागदावर नेमकं तेच वाक्य असेल, तर तो कागद कोर्टात पुढं करू नका. वकिलांकडून नवा करून घ्या. त्यात साठ हजार औषधोपचार आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून लिहा, किती कुणाला ते वेगळं दाखवा, आणि बांधाची मोजणी सरकारी मोजणीप्रमाणं मान्य करू हेही घाला. बांधाचा वाद जिवंत राहिला तर समेट दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. रक्कम धनाकर्षानं, कोर्टात तडजोड नोंदवताना किंवा उच्च न्यायालयासमोर द्या. आधी हातात दिलेल्या रोख पैशांवरून मोडलेले समेट मी बरेच पाहिलेत.

शेवटी भरतीचं, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. निर्दोष सुटला किंवा खटला रद्द झाला, तरी अर्जात गुन्ह्याची माहिती विचारली असेल तर मुलानं ती लपवू नये. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की माहिती दडवणं हेच निवड रद्द करायला कारण होऊ शकतं. खरं सांगितलं तर किरकोळ गुन्ह्याचा विचार नेमणूक करणारे सहानुभूतीनं करू शकतात. पण पोलीस दलाबद्दल न्यायालय जास्त कडक आहे. दिल्ली पोलीस आयुक्त विरुद्ध मेहर सिंग या २०१३ च्या प्रकरणात तडजोडीनं सुटलेल्या उमेदवारालाही नाकारण्याचा खात्याचा अधिकार मान्य झाला. त्यामुळे पहिल्या किंवा दुसऱ्या दारातून आल्यावर त्याची निवड होईलच, असं मी तुम्हाला सांगणार नाही. दोषी ठरून गेला तर मात्र बाजू मांडायला त्याच्या हातात फारच थोडं उरेल. त्यानं निकालाची प्रमाणित प्रत, वैद्यकीय दाखले आणि समेटाचा कागद एका फाइलमध्ये ठेवावा. कागदपत्रांच्या पडताळणीच्या दिवशी ती लागेल.

वकील बदलायचे की नाही, हे लगेच ठरवू नका. त्यांना फक्त विचारा, ‘ही कबुली दिली तर निकालपत्रावर दोषी असं लिहिलं जाईल का?’ ते हो म्हणाले, तर पुढच्या तारखेला समेटासाठी मुदत मागा. खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. आणि त्याआधी एकदा चुलतभावाच्या घरी जा, समितीला न घेता. वहिनींना विचारा, त्यांना कोर्टात यायचंय का आणि त्यांचं काय म्हणणं आहे. आतापर्यंतच्या बैठकीत त्यांना कुणी विचारलं असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.